फोटोतला माल आणि हातातला माल
टूथपेस्टची ट्यूब व ब्रशचे पाकीट : नक्कल ओळखण्याची रीत

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील दुकानदाराला माल पुरविणारा माणूस पूर्वी समोर दिसत असे. एजन्सीची गाडी आठवड्याच्या ठरलेल्या वारी येई, किंवा दुकानदार स्वतः नागपूरच्या इतवारीत, अमरावतीला, नाही तर उमरखेडवरून नांदेडला जाऊन माल पाहून आणी. आता सौदा मोबाईलवर होतो. पुसद, दिग्रस, आर्णी, पांढरकवडा, वणी, कुठल्याही गावचा दुकानदार घ्या, त्याच्या मोबाईलवर महिन्यातून एकदा तरी अनोळखी नंबरावरून फोटो येतात. नामांकित कंपनीची टूथपेस्ट, टूथब्रशच्या बाराच्या पट्ट्या, आणि खाली एक ओळ : ‘एजन्सीच्या भावापेक्षा तीस टक्के कमी, माल तयार आहे.’

अशा वेळी दुकानदार बंधू आम्हाला एकच प्रश्न विचारतात : फोटो पाहून माल खरा की खोटा हे कळते का? आमचे उत्तर असे की, फोटोवरून माल खोटा असल्याचा संशय चांगला घेता येतो, पण माल खरा असल्याची खात्री कधीच होत नाही. हा फरक ज्याच्या ध्यानात राहिला, तो फसण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होईल. फोटोत पाहावयाच्या गोष्टी तीन : ट्यूबची मागची दाबलेली पट्टी, तिच्यावर उठविलेला बॅच क्रमांक, आणि खोक्यावर व ट्यूबवर छापलेला मजकूर. या तिन्हींचा विचार आज करू.

ट्यूब कशी बंद होते?

खोटी ट्यूब ओळखावयाची तर खरी ट्यूब कशी तयार होते हे आधी माहीत हवे. जुन्या काळी टूथपेस्टच्या ट्यूबा शुद्ध ॲल्युमिनियमच्या असत. दाबली की तशीच दबून राही आणि शेवटी घडी घालून घालून पेस्ट काढावी लागे, हे आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. १९८० च्या दशकात आपल्याच महाराष्ट्रात, ठाणे जिल्ह्यातील वासिंद येथे, एस्सेल कंपनीने थरांच्या, म्हणजे लॅमिनेटेड ट्यूबा तयार करण्यास सुरुवात केली आणि हळूहळू धातूची ट्यूब टूथपेस्टच्या बाजारातून मागे पडली. आज काही मलमे आणि मोजक्या पेस्टी सोडल्या तर ट्यूब प्लॅस्टिकच्या थरांचीच असते. बऱ्याच ट्यूबांत मधे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो.

या ट्यूबेचा कागद आधी सपाट रिळावर छापला जातो. मग त्याची नळी करून दोन कडा एकमेकींवर चिकटविल्या जातात. म्हणून खऱ्या ट्यूबेच्या पाठीवर एक उभी सरळ शिवण दिसते. पुढे तोंडाचा भाग व झाकण बसते. पेस्ट मात्र तोंडाकडून भरत नाहीत. ट्यूब उलटी उभी करून मागच्या उघड्या बाजूने पेस्ट भरतात आणि मग ती बाजू दाबून बंद करतात. या बंद पट्टीलाच कारखान्यात क्रिंप म्हणतात. धातूच्या ट्यूबेत ही बाजू दोनतीन घड्या घालून दाबतात. थरांच्या ट्यूबेत घडी नसते, दोन्ही भिंती उष्णतेने वितळवून एकजीव केलेल्या असतात. तेव्हा थरांच्या ट्यूबेला मागे घडी घातलेली दिसली, तर ती ट्यूब तिथेच बाजूला ठेवावी.

बंद करण्यापूर्वी ट्यूबेचा पुढचा चेहरा बरोबर समोर यावा लागतो. त्यासाठी ट्यूबेच्या शेवटी एक लहान चौकोनी ठसा छापलेला असतो. यंत्राचा प्रकाशडोळा तो ठसा पाहून ट्यूब फिरवितो आणि चेहरा समोर आला की दाबतो. या चौकोनाबद्दल बाजारात एक समज फार पसरला आहे : हिरवा चौकोन म्हणजे वनस्पतीची पेस्ट, काळा म्हणजे रसायनाची, असा. तो समज खोटा आहे. रंग फक्त यंत्राला ठसा उठून दिसावा म्हणून निवडतात, त्याचा आतल्या मालाशी संबंध नाही. गिऱ्हाईकाने विचारले तर दुकानदाराने हेच सांगावे.

पट्टी काय सांगते?

आता फोटोकडे वळू. कारखान्याच्या यंत्रावर एका मिनिटात अनेक ट्यूबा एकाच मापाने दाबल्या व कापल्या जातात. त्यामुळे खऱ्या मालाची पट्टी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारख्या रुंदीची, साधारण अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास, कड सरळ कापलेली आणि ट्यूबेच्या लांबीशी काटकोनात असते. चेहऱ्यावरचे नाव पट्टीच्या मध्याशी जुळते. दहा ट्यूबा ओळीने ठेवल्या तर दहाही सारख्या दिसतात.

नक्कल करणारा बहुधा लहान हातयंत्रावर एकेक ट्यूब बंद करतो. त्याच्या कामात चार दोष वरचेवर सापडतात. पट्टी एका टोकाला रुंद व दुसऱ्या टोकाला अरुंद असते. कड कात्रीने कापल्यासारखी नागमोडी असते. पेस्ट दाबाखाली सापडून पट्टीत पांढरा डाग किंवा फुगवटा दिसतो. आणि चेहऱ्यावरचे नाव पट्टीच्या मध्यापासून एका बाजूला सरकलेले असते, कारण त्याच्या यंत्राला प्रकाशडोळा नसतो. शेवटचा दोष फोटोत सर्वांत सहज दिसतो, कारण त्यासाठी बारीक अक्षर वाचावे लागत नाही.

इथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. चांगली पट्टी मारणारी लहान यंत्रे आता बाजारात सहज मिळतात. म्हणून वाईट पट्टी हा संशयाचा पुरावा आहे, पण चांगली पट्टी हा खरेपणाचा पुरावा नव्हे. शिवाय खऱ्या कारखान्यातूनही एखादी ट्यूब वाकडी निसटते. एक वाकडी ट्यूब पाहून निष्कर्ष काढू नये. पाचसहा ट्यूबांत प्रत्येक निराळ्या तऱ्हेने वाकडी असेल, तरच ती गोष्ट गंभीर समजावी.

बॅच क्रमांक कसा वाचावा?

पट्टी दाबताना त्याच जबड्यात धातूचे सुटे अक्षरठसे बसविलेले असतात. पट्टी गरम व मऊ असतानाच ते अक्षर उमटवितात. बॅच बदलली की कामगार ठसे बदलतो. यातून तीन खुणा निघतात. अक्षरे एका उंचीची व एका ओळीत असतात. त्यांची खोली सगळीकडे सारखी असते. आणि अक्षर एका बाजूने खोल असेल तर पुष्कळदा पट्टीच्या मागच्या बाजूला त्याचा उलटा उठाव बोटाला लागतो.

नकली मालात हा क्रमांक कधी शाईच्या रबरी शिक्क्याने मारलेला असतो आणि ओल्या बोटाने पुसला जातो, तर कधी अक्षरे डावीकडे खोल व उजवीकडे पुसट असतात. मात्र केवळ शाई दिसली म्हणून माल खोटा ठरवू नये. अनेक खरे कारखाने आता उठाव न करता यंत्राच्या शाईफवाऱ्याने किंवा लेसरने क्रमांक छापतात. त्याच कंपनीचे दोन कारखाने दोन निराळ्या पद्धती वापरू शकतात. म्हणून तुलना करताना आपल्या दुकानातील ट्यूब त्याच वजनाची, त्याच नावाची आणि शक्य तर त्याच कारखान्याच्या पत्त्याची घ्यावी. शंभर ग्रॅमची ट्यूब दोनशे ग्रॅमच्या ट्यूबेशी ताडून पाहणे व्यर्थ आहे.

क्रमांकाबद्दल आणखी एक गोंधळ होतो. एका पेटीतील सर्व ट्यूबांवर एकच बॅच क्रमांक असतो. त्यात काही गैर नाही, तसेच असावयास हवे. संशय घ्यावा तो दोन प्रसंगी. पहिला, ट्यूबेवरचा क्रमांक व तिच्याच खोक्यावरचा क्रमांक जुळत नसेल तेव्हा. दुसरा, चारसहा महिन्यांच्या अंतराने आलेल्या पेट्यांवर पुन्हा तोच क्रमांक व तीच तारीख असेल तेव्हा. नक्कल करणारा एकदा खरी ट्यूब विकत घेतो, तिचा क्रमांक आपल्या ठशात बसवितो आणि तोच चालवीत राहतो. म्हणून आमची सूचना अशी की, माल उतरविताना प्रत्येक पेटीचा बॅच क्रमांक व तारीख बिलाच्या पाठीवर लिहून ठेवावी. काम दोन मिनिटांचे, पण सहा महिन्यांनी तेच वहीतले टिपण साक्षीला उभे राहते.

छापलेला मजकूर

तिसरी गोष्ट छपाई. परदेशातील एक गाजलेले प्रकरण यासाठी सांगण्यासारखे आहे. जून २००७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कोलगेट या नावाच्या नकली टूथपेस्टबद्दल इशारा दिला. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँड या राज्यांतील स्वस्त मालाच्या दुकानांत ती सापडली होती. ट्यूबेवर ‘दक्षिण आफ्रिकेत तयार’ असे छापले होते. खुद्द कंपनीने सांगितले की, आम्ही दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत टूथपेस्ट आणतच नाही. खोक्यावरील इंग्रजी मजकुरात चुका होत्या. ‘आफ्रिका’ या शब्दात ‘आय’च्या जागी ‘एल’ होता, ‘असोसिएशन’मध्ये ‘सी’च्या जागी ‘एक्स’ होता, आणि ‘इज क्लिनिकली’ हे दोन शब्द जोडून छापले होते. या मालात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य असू शकते, असे प्रशासनाने बजावले. पेस्ट ओलसर राहावी म्हणून घालावयाच्या ग्लिसरीनऐवजी स्वस्त पडते म्हणून ते वापरले जाते. लहान मुले आणि मूत्रपिंडाचे किंवा यकृताचे रोगी यांना त्याचा धोका अधिक.

या प्रकरणातून आपल्या दुकानदाराने दोन धडे घ्यावेत. पहिला, छोटी अक्षरे वाचली जात नाहीत या भरवशावरच नक्कल चालते, म्हणून आधी छोटी अक्षरेच वाचावी. दुसरा, मजकुराचा अर्थही तपासावा. जो माल त्या वाटेने येतच नाही, त्याच्यावर तो पत्ता कसा?

आपल्याकडे टूथपेस्ट हे कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे. तिच्यावर उत्पादकाचे नाव व कारखान्याचा पत्ता, निर्मिती परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, निव्वळ वजन, घटकद्रव्ये आणि वापराची मुदत हवी. फ्लोराइड असलेल्या पेस्टबाबत खास नियम आहे : फ्लोराइड दहा लाख भागांत १००० भागांपेक्षा अधिक नसावे, आणि त्याचे प्रमाण व मुदतीची तारीख ट्यूब व खोके या दोन्हींवर असावी. ‘दोन्हींवर’ हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. नक्कल करणारा खोका सुबक छापून घेतो, कारण गिऱ्हाईक तोच पाहते. ट्यूबेवर मात्र मजकूर तोडतो. आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या पेस्टचा परवाना निराळ्या प्रकारचा असतो, म्हणून तिची तुलना तिच्याच जातीच्या ट्यूबेशी करावी.

किमतीवर चिकटविलेली पट्टी पाहूनही एकदम घाबरू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून टूथपेस्ट व टूथब्रशवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्या वेळी शिल्लक असलेल्या जुन्या मालावर कमी केलेली किंमत चिकटविण्याची मुभा सरकारने उत्पादकांना दिली होती. मात्र अशा पट्टीखाली छापलेली मूळ किंमत दिसली पाहिजे, आणि नवी किंमत जुनीपेक्षा कमी असली पाहिजे.

ब्रशचे पाकीट

ब्रशला बॅच उठविलेली पट्टी नसते. तिथे पाकीटच बोलते. चांगल्या ब्रशचे पाकीट म्हणजे जाड कार्ड आणि त्यावर उष्णतेने चिकटविलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा फुगा. असा फुगा ओढून काढला की कार्डाचा वरचा थर त्याच्याबरोबर फाटून येतो. नकली पाकिटात फुगा डिंकाने किंवा पिनांनी लावलेला असतो आणि कार्ड न फाटता सुटतो. ही परीक्षा माल हाती आल्यावरचीच. फोटोत पाहावयाचे ते असे : फुग्याची कड कार्डाच्या छपाईत ठरविलेल्या जागी बसली आहे का, पिनेची भोके आहेत का, आणि कार्डावरील ‘मऊ’, ‘मध्यम’ हे शब्द सर्व रंगांच्या ब्रशांवर एकाच जागी आहेत का.

कार्डाच्या मागे उत्पादकाचे नाव-पत्ता, महिना व वर्ष, नगसंख्या, किंमत आणि ग्राहक तक्रारीचा नंबर असावा, असे वेष्टित मालाचे २०११ चे नियम सांगतात. माल हाती आल्यावर एक ब्रश मोडीत काढून केसांची टोके भिंगाखाली पाहावी. चांगल्या ब्रशच्या केसांची टोके घासून गोल केलेली असतात. स्वस्त नकलेत ती सुरीने कापल्यासारखी सपाट व धारदार असतात आणि हिरड्यांना टोचतात. चिमटीत धरून झुपका ओढला व तो उपटून आला, तर तो माल विकू नये. मग नाव कोणाचेही असो.

एक उदाहरण

आता सगळे एकत्र करून पाहू. समजा, दिग्रसच्या एका दुकानदाराला शंभर ग्रॅमच्या टूथपेस्टचे दोन फोटो आले. छापील किंमत ६० रुपये, एजन्सीचा भाव ५३ रुपये, आणि फोटोवाला ३६ रुपयांनी देतो म्हणतो. दहा डझनांची पेटी म्हणजे १२० नग. पेटीमागे २०४० रुपयांचा फायदा दिसतो. मन लगेच मोहात पडते. पण ज्या धंद्यात एजन्सीलाच थोड्या टक्क्यांवर भागवावे लागते, तिथे एवढी सूट देणारा ती कोठून देतो, हा पहिला प्रश्न.

आलेल्या दोन फोटोंत नुसती पेटी व खोक्याचा दर्शनी भाग आहे. त्यावरून काहीच ठरत नाही. असे फोटो खऱ्या मालाचे, कोणाचे तरी उचललेलेही असू शकतात. म्हणून दुकानदार उलट पाच फोटो मागतो. पहिला, पाच ट्यूबा ओळीने ठेवून त्यांच्या पट्ट्यांचा. दुसरा, एका पट्टीचा जवळून, शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून. तिसरा, त्याच ट्यूबेच्या खोक्यावरील बॅच, तारीख व किमतीचा. चौथा, ट्यूबेच्या पाठीचा, सर्व बारीक मजकूर दिसेल असा. पाचवा, पेटीवर आजची तारीख हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवून. सांगावयाच्या सूचना दोनच : फोटो दिवसा, दाराजवळच्या उजेडात, वरून सरळ घ्यावा, आणि पट्टीच्या फोटोला मोबाईलची बत्ती समोरून न मारता एका बाजूने आडवी धरावी. आडव्या उजेडात उठविलेल्या अक्षरांची सावली पडते आणि खोली कळते. समोरून झगझगीत उजेड मारला की अक्षर पुसले जाते. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा न पाठविता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावयास सांगावा, म्हणजे तो दाबून लहान होत नाही व बारीक अक्षर फुटत नाही.

समजा, तीन फोटो आले आणि तारखेची चिठ्ठी ठेवलेला फोटो ‘उद्या पाठवितो’ असे उत्तर मिळाले. दुकानदार आपल्या फळीवरील त्याच वजनाची, पक्क्या बिलाची ट्यूब त्याच तऱ्हेने आडव्या उजेडात धरतो आणि दोन्ही फोटो शेजारी पाहतो. ट्यूबेचा लाल रंग आपल्यापेक्षा गडद दिसतो. याला त्याने महत्त्व द्यावे का? नाही. मोबाईल, ट्यूबलाईट आणि पडदा प्रत्येक रंग निराळा दाखवितात. फोटोतील रंगावरून निष्कर्ष काढणे ही सर्वांत सामान्य चूक आहे, आणि त्यापायी खरा मालही उगाच बदनाम होतो.

पुढे तो पट्ट्या पाहतो. पाचांपैकी तीन ट्यूबांवर नाव मध्यापासून डावीकडे सरकले आहे, आणि प्रत्येकीचे सरकणे निराळे आहे. हा पहिला खरा संशय. पट्टीवरचे अक्षर डावीकडे खोल आहे व उजवीकडे नाहीसे होते. हा दुसरा. पण एखादा ठसा झिजलेला असू शकतो, म्हणून अजून थांबावे. आता खोक्याचा फोटो. त्यावर ‘२५ टक्के जास्त’ असे ठळक आहे, मूळ वजन १०० ग्रॅम सांगितले आहे, मात्र निव्वळ वजन १२० ग्रॅम छापले आहे. शंभरावर पंचवीस टक्के म्हणजे १२५. हिशेबच जुळत नाही. अशी चूक कंपनीच्या छपाईत सहसा राहत नाही, कारण ते वजनमापाच्या नियमाचे उल्लंघन ठरते. हा तिसरा. आणि ट्यूबेच्या पाठीचा फोटो, जिथे मुदत व फ्लोराइडचे प्रमाण असावयाचे, तो आलाच नाही.

तीन निरनिराळ्या जागी तीन निराळे दोष. एकेक सुटा असता तर खुलासा निघाला असता. तिन्ही एकत्र आले की सौदा सोडावा. या दुकानदाराने शेवटचे एक काम करावे : समोरच्याला पक्के बिल मागावे. बिलावर पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, टूथपेस्टसाठी ३३०६ आणि ब्रशसाठी ९६०३ हा मालाचा सांकेतिक क्रमांक, आणि मालाचे पूर्ण नाव हवे. जो बिल देत नाही, त्याच्या फोटोकडे पुन्हा पाहण्याची गरज नाही.

बिल का जपावे?

आमचे काही बंधू म्हणतात, नक्कल आम्ही केली नाही, आम्ही तर विकत घेऊन विकली, आमचा काय दोष? कायदा तसे मानीत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० प्रमाणे, दुसऱ्याच्या नावाने केलेले, फसवणूक होईल इतके दुसऱ्यासारखे दिसणारे, किंवा अस्तित्वात नसलेल्या उत्पादकाचे नाव घातलेले प्रसाधन ‘बनावट’ ठरते. ते विकणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान ५० हजार रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तेवढा दंड होऊ शकतो. ट्रेड मार्क कायदा १९९९ च्या कलम १०४ खाली खोटी खूण असलेला माल विकण्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे.

प्रामाणिक दुकानदाराला बचावाची वाटही त्याच १९४० च्या कायद्याने ठेविली आहे. माल परवानाधारक उत्पादकाकडून, वितरकाकडून किंवा विक्रेत्याकडून घेतला, वाजवी दक्षता घेऊनही दोष कळण्यासारखा नव्हता, आणि माल आला तसाच नीट ठेवला, हे त्याने सिद्ध केले तर तो सुटतो. माल कोणाकडून घेतला हे निरीक्षकाने विचारल्यास सांगणे त्याच्यावर बंधनकारक आहे. कच्च्या चिठ्ठीवर माल घेणारा यांतील पहिलीच गोष्ट सिद्ध करू शकत नाही. तीस टक्क्यांच्या सुटीची खरी किंमत ही आहे.

फक्त नाव बदलून दुसऱ्यासारखा रंग व मांडणी घेणाऱ्या मालाचा प्रश्न निराळा आहे, पण तोही कोर्टापर्यंत जातो. कोलगेट विरुद्ध अँकर या दंतमंजनाच्या वादात ऑक्टोबर २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, नावे निराळी असूनही, डब्यावरील लाल व पांढऱ्या रंगाच्या त्याच क्रमाने केलेल्या मांडणीला तात्पुरती मनाई केली. न्यायालयाने विचार केला तो सामान्य, कमी शिकलेल्या गिऱ्हाइकाचा, जो नाव वाचून नव्हे तर रंग ओळखून माल मागतो. आपल्या आठवडी बाजारात ‘लालवाली द्या’ म्हणणारे गिऱ्हाईक ते हेच.

संशयित माल दुकानात असेल तर

माल आधीच उतरविला असेल आणि नंतर संशय आला, तर तो विकू नये, जाळू नये आणि शेजाऱ्याच्या गळ्यातही मारू नये. पेटी बांधून वेगळी ठेवावी, बिल, चिठ्ठी, मोबाईलवरील निरोप व पैसे दिल्याची नोंद जपावी. मग कंपनीच्या ग्राहक तक्रार नंबरावर बॅच क्रमांकासह कळवावे. हा नंबर संशयित खोक्यावरचा घेऊ नये, फळीवरील खात्रीच्या जुन्या खोक्यावरचा घ्यावा, कारण नकली खोक्यावरचा नंबरही नकली असू शकतो. त्याचबरोबर यवतमाळच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. कायद्याच्या कलम २६ प्रमाणे विकत घेणाऱ्या कोणालाही ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून नमुन्याची तपासणी करून घेता येते. पट्टी, ठसा आणि छपाई हे सर्व बाहेरचे. आत ग्लिसरीन आहे की विष, हे ना फोटो सांगू शकतो ना आमची नजर. ते प्रयोगशाळाच सांगते.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच की, प्रत्येक दुकानदाराने जो जो चालू माल विकतो, त्याची पक्क्या बिलाची एक ट्यूब व ब्रशचे एक पाकीट गल्ल्याजवळ नमुना म्हणून ठेवावे, आणि कंपनीने वेष्टन बदलले की तो नमुनाही बदलावा. नवा माल आला, नवा फोटो आला, की आधी नमुना हातात घ्यावा आणि मग भावाची बोलणी करावी.